रोजच्या ‘शुभ सकाळ’ला उत्तर काय द्यायचं?

उत्रोलीहून बोलतेय. आज विषय जरा हसण्यावारी नेण्यासारखा वाटेल, पण ज्यांच्या घरात लग्नाची मुलगी आहे त्यांना तो लगेच कळेल.

स्थळ येतं, बघण्याचा कार्यक्रम होतो, पसंतीचं बोलणं निम्म्यावर येतं. मग मोठी माणसं म्हणतात, दोघांनी नंबर घ्या, बोला एकमेकांशी. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर गुलाबाचं फूल, वाफाळता चहा आणि ‘शुभ सकाळ’. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी गणपती. मुलगी विचारते, मी काय पाठवू?

ही सवय काही त्या एकट्या मुलाची नाही. जानेवारी २०१८ मध्ये बातमी आली होती की भारतातले फोन सारखे भरून का जातात हे गुगलच्या लोकांनी शोधलं, तर त्यामागं सकाळच्या शुभेच्छांची चित्रं निघाली. तेव्हा मुलगा वाईट किंवा बावळट आहे, असं त्यावरून धरू नका. बऱ्याचदा त्याला काय बोलावं तेच सुचत नसतं. ‘तुमची आठवण आहे’ एवढं तो चित्रातून सांगतो.

चित्रावर ‘फॉरवर्ड केलेला’ अशी खूण दिसली, तर ते दुसरीकडून आलेलं पुढं ढकललंय. दोन बाण दिसले, तर ते पुष्कळ हातांतून फिरून आलंय. खूण नसली तरी चित्र त्यानंच केलं असं नाही, कारण फोनमध्ये साठवून पुन्हा पाठवलं की खूण राहत नाही. म्हणून चित्रावरून माणूस जोखायला जाऊ नका.

आता समजा, मुलगी भोरला दुकानात कामाला आहे आणि मुलगा शिरवळच्या कंपनीत. त्याच्या फुलाला तिनं रोज फूलच पाठवलं, तर दहा दिवसांत वीस चित्रं होतात. पण त्याची पाळी कुठली, पगारातून घरी किती द्यावा लागतो, लग्नानंतर तिची नोकरी चालेल का, यातलं काहीच कळत नाही. आणि घरचे समजतात, दोघांचं छान बोलणं चाललंय!

मग एकदम गप्प बसावं का? तेही नको. स्थळाच्या वेळी गप्प बसणं म्हणजे नकार, असा अर्थ निघतो आणि मध्यस्थाचा फोन वाजतो. ‘रोज एकच काय पाठवता’ असं म्हटलं तर तो ओशाळतो. त्यापेक्षा वेळ बदलावी आणि बोलण्याची तऱ्हा बदलावी. तिनं संध्याकाळी असं लिहावं:

‘नमस्कार. सकाळी घरचं आवरून एसटी गाठायची असते, त्यामुळं फोन बघणं होत नाही. सातनंतर मी निवांत असते. आज आमची भातलावणी संपली. तुमची पाळी कुठली चालू आहे? रात्रपाळी असली की झोप होते का?’

बघा, यात तक्रार कुठंच नाही. आपली सोयीची वेळ सांगितली, आपल्या दिवसातली एक गोष्ट सांगितली आणि असा प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर चित्रानं देता येत नाही. हे एका दिवसात जमणार नाही. आठवडाभर संध्याकाळीच उत्तर द्या, रोज एकच प्रश्न विचारा. सकाळचं फूल येत राहिलं तरी येऊ द्या.

आठवड्यानंतर काय दिसतं ते पाहा. तो उत्तर देऊन उलट तुम्हालाही काही विचारत असेल, तर फूल ही नुसती त्याची सवय आहे. प्रश्न सोडून परत फूलच येत असेल, तर आधी फोनवर बोलून पाहा. काहींना टाइप करायचा कंटाळा असतो, पण बोलायला बसले की मोकळे होतात. फोनवरही तो ‘हं, बरं’ करून विषय टाळत असेल, तर ते आईवडिलांच्या कानावर घाला.

मात्र ‘निळी खूण दिसली, मग उत्तर का नाही?’ ‘रात्री ऑनलाइन कुणाशी होतीस?’ असं सुरू झालं, तर ते प्रेम समजू नका. ही पाळत आहे. लग्नाआधी पाळत ठेवणारा नंतर ती सोडेल, असं धरून चालू नका. एकटीचे फोटो मागणं, पैसे मागणं असं झालं, तर पाठवू नका आणि त्याच दिवशी घरात सांगा.

आणि स्थळ मनातून नकोच असेल, तर फुलाला फूल पाठवत दिवस काढू नका. तुमच्या प्रत्येक फुलाचा तिकडं होकार धरला जातो. घरच्यांना सांगा, मध्यस्थामार्फत नीट निरोप जाऊ द्या.

आयांनो, एक तुमच्यासाठी. ‘आज मेसेज आला का?’ एवढंच मुलीला विचारू नका. ‘काय कळलं त्याच्याबद्दल?’ हे विचारा.