छातीच्या चित्रातील पांढऱ्या रेषा



अतिदक्षता विभागातील एक्स-रे पाहून नातेवाईक बहुधा विचारतात, "डॉक्टरसाहेब, आत इतक्या तारा कशाच्या?" एका वृद्ध मातेच्या मुलाने हेच विचारले, तेव्हा आम्ही फिल्म खाटेपाशीच उजेडात धरली.

मधोमध उतरणारी रेषा व्हेंटिलेटरच्या नळीची. नुसते प्लॅस्टिक चित्रात नीट उमटत नाही, म्हणून नळीत क्ष-किरण अडवणारी पट्टी बसवलेली असते. दिसते ती हीच. श्वासनलिका जिथे दुभंगते, तिथून नळीचे टोक सुमारे ५ सेंटिमीटर वर असावे. येथे ते दुभंगाखाली, उजव्या शाखेत उतरले होते. ती शाखा डावीपेक्षा रुंद व सरळ, म्हणून नळी बहुधा तिकडेच जाते. डाव्या फुप्फुसात हवा पोहोचत नसल्याने ती बाजू पांढरी पडली होती आणि हृदयही तिकडे ओढले गेले होते. नळी मोजून वर घेतली व पुन्हा फिल्म काढली. मान पुढे वाकली तरी टोक सुमारे २ सेंटिमीटर खाली सरकते. तेव्हा उशी हलवण्यापूर्वी परिचारिकेस विचारावे.

हृदयात वळलेली ठळक तार तात्पुरत्या पेसमेकरची. तिचे टोक उजव्या खालच्या कप्प्यात दिसले, तरी ते हृदयाला चालना देते की नाही, हे चित्र सांगत नाही. ते मॉनिटरवर कळते. पेसमेकरच्या प्रत्येक उभ्या रेघेमागोमाग हृदयाचा ठोका उमटावयास हवा. रेघ आली व ठोका उमटला नाही, तर तत्काळ हाक मारावी.