वीस जागा, सव्वीस नावे
(हस्तकला शिकवणाऱ्या कारागिरांच्या बैठकीतील भाषण)

ताई-दादांनो, वारली चित्र कसे शिकवायचे हे मी तुम्हाला सांगणार नाही, ते तुम्हीच मला शिकवाल. मी शिबिरांची नावनोंदणी सांभाळतो, तेवढ्यापुरतेच बोलतो.

पहिला प्रश्न जागांचा. एका शिक्षकाला दिवसभरात वीस जणांच्या कागदापर्यंत पोहोचता येते. गेरू, तांदळाची पिठी, डिंक, बांबूच्या काड्या हे सगळे थोडे जास्त भिजवता येईल, पण काडीचे टोक ठेचून रेघ कशी ओढायची हे प्रत्येकाजवळ बसूनच दाखवावे लागते. म्हणून निवेदनातच लिहा: जागा २०. तारीख, वेळ, ठिकाण, शुल्क आणि जेवणाची सोय आहे की नाही, हेही त्याच निवेदनात. जे लिहायचे राहील, ते विचारायला वीस फोन येतील.

नोंदणीसाठी गूगल फॉर्म पुरतो. प्रश्न चारच ठेवा: नाव, व्हॉट्सॲप क्रमांक, गाव, आणि शुल्क भरल्याचा व्यवहार क्रमांक. पैसे भरल्याचा फोटो फॉर्ममध्ये मागू नका. फोटो जोडायचा प्रश्न घातला की गूगल खात्याने आत शिरावे लागते आणि बरेच जण तिथेच थांबतात. `Limit to 1 response` हेही बंदच असू द्या. त्यालाही खाते लागते, आणि आपल्या पाड्यांवर एकाच फोनवरून तिघी बहिणी नाव भरतात. मात्र "मी आणि दोन मैत्रिणी" असे एका फॉर्मात चालणार नाही. माणूस एक, फॉर्म एक, हे वरच ठळक लिहा, नाहीतर मोजणी बिघडते.

आलेली नावे तक्त्यात वेळेच्या क्रमाने उतरतात. `Timestamp` हा पहिला रकाना आहे, त्यावरूनच कोण आधी हे ठरते, ओळखीवरून नाही. उजवीकडे एक रकाना आपण वाढवायचा आणि त्यात "पक्के", "प्रतीक्षा" किंवा "रद्द" लिहायचे. रद्द झालेली ओळ पुसू नका, कारण पुढे कोणी "माझे नाव होते" म्हणाले तर पाहायला काही उरत नाही.

विसावे नाव आले की बरेच जण फॉर्म बंद करतात. माझे मत वेगळे आहे. फॉर्म चालू ठेवा, पण वरचा मजकूर बदला: "जागा भरल्या, आता प्रतीक्षा यादी. शुल्क आत्ता भरू नका." शुल्काचा प्रश्न सक्तीचा ठेवला असेल तर ती सक्तीही काढा. फॉर्म भरल्यावर दिसणारा निरोप, म्हणजे `Confirmation message`, तोही तसाच बदला. नाहीतर एकविसाव्या माणसाला "आपली नोंदणी झाली" असे दिसते आणि तो रविवारी सकाळी एस.टी.ने येऊन दारात उभा राहतो.

आता आठवणीचे निरोप. व्हॉट्सॲपची प्रसारण यादी ज्यांनी तुमचा क्रमांक साठवला आहे त्यांच्यापर्यंतच जाते. म्हणून "हा क्रमांक साठवून ठेवा" हे फॉर्मच्या शेवटच्या निरोपातच लिहा. मी दोनच आठवणी पाठवतो. शेवटची आदल्या दिवशी, ठिकाणाची आणि बसच्या वेळेची. पण खरे काम चार दिवस आधीच्या आठवणीचे आहे, कारण तीच जागा मोकळ्या करते. तिच्यात प्रश्न आणि मुदत हवी: "येणार असाल तर उद्या रात्री आठपर्यंत 'हो' लिहा." नुसते "विसरू नका" लिहिले तर कोणी उत्तर देत नाही.

उदाहरण घेऊ. शिबिर रविवारी, नावे २६. बुधवारी निरोप गेला. गुरुवारी रात्रीपर्यंत १५ जणांचे "हो", दोघांचे "नाही", तिघे गप्प. गप्प म्हणजे नकार नव्हे, आमच्याकडे रेंज दोन दोन दिवस जाते. म्हणून त्या तिघांना फोन करायचा. समजा एकजण येतो म्हणाला, एकीने जमणार नाही सांगितले, एकाचा फोन लागला नाही. तीन जागा मोकळ्या झाल्या. फोन न लागलेल्याची जागा शुक्रवार दुपारपर्यंत राखायची.

प्रतीक्षेतल्या सहाही जणांना एकदम "जागा आहे" असे कळवू नका, कारण तीन जागांवर पाच जण हो म्हणतील. क्रमाने एकेकाला फोन करा. एकविसावी आली, बाविसाव्याला जमले नाही, तेविसावा आणि चोविसावी आली. शुल्क त्यांनी आता भरायचे. दुपारपर्यंत त्या एकाचा पत्ता नाही, तर पंचविसाव्याला बोलवा; आणि त्या पहिल्याने शुल्क भरलेले असेल तर ते परत करायचे की पुढच्या शिबिराला धरायचे, हे निवेदनातच ठरलेले असावे.

सव्विसावीला शुक्रवारी संध्याकाळीच स्वतः फोन करून "या वेळी जागा नाही" असे सांगा, म्हणजे रविवारची मजुरी ती उगीच बुडवणार नाही. आणि पुढच्या शिबिराचे निवेदन बाहेर जाण्याच्या आदल्या दिवशी तिला आधी विचारा.