पिशवीवरचे चित्र आणि रंगांची मोजणी

(सुवर्णमहोत्सवी पिशवीच्या चित्राची निवड करण्यासाठी भरलेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक सभासद-कुटुंबास एक कापडी पिशवी भेट द्यावी, असे मंडळाने ठरविले आहे. त्या पिशवीवर छापावयाचे एक चित्रही समितीपुढे आले आहे. नोकरीच्या काळात आमचा काही वर्षे हातमाग आणि छपाईच्या कारागिरांशी निकटचा संबंध आला, म्हणून त्या चित्राची पारख करण्याचे काम आमच्याकडे सोपविण्यात आले. चित्र सुंदर आहे की नाही, हा प्रश्न आम्हांस विचारलेला नाही. ते सुंदरच आहे. ते पिशवीवर उतरेल काय, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत.

प्रथम चित्राचे वर्णन करतो. डावीकडे गुढी आहे. तिच्यावर हिरवे रेशमी वस्त्र, कडुलिंबाचा डहाळा, झेंडूची माळ, पांढऱ्या साखरगाठी आणि तांब्याचा गडू. उजवीकडे आपल्या कारखान्याची झोतभट्टी. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या भट्टीच्या ओढीनेच आपल्यापैकी अनेकांचे वडील नागपूर, अमरावती, पुणे सोडून येथे आले. भट्टीतून वितळलेले लोखंड वाहते आहे. मागे पिवळ्यापासून लालपर्यंत हळूहळू गडद होत जाणारे आकाश आहे. खाली पैठणीच्या पदरातील मोर आणि सर्वांत शेवटी बारीक अक्षरांत दोन ओळी.

आता छपाईची रीत समजून घेऊ. उंबऱ्यापुढे रांगोळीचा पत्र्याचा छाप आपण सर्वांनी पाहिला आहे. छिद्र असेल तेथून पूड खाली पडते, पत्रा असेल तेथे पडत नाही. स्क्रीनच्या छपाईचे तत्त्व हेच आहे. लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर पॉलिएस्टरची बारीक जाळी ताणून बसवितात आणि तिच्यावर इमल्शनचा थर देतात. मग पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईत काढलेले चित्र त्यावर ठेवून प्रकाश देतात. उजेड लागला तेथे थर घट्ट होतो. काळ्याच्या आड राहिला तेथे तो पाण्याने धुऊन जातो आणि जाळी मोकळी होते. तिच्यावरून रबरी पात्याने रंग ओढला की तो मोकळ्या जागेतून कापडावर उतरतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एका चौकटीतून एका वेळी एकच रंग निघतो, म्हणून जितके रंग तितक्या चौकटी. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा त्यांच्या देवीदेवतांच्या चित्रांसाठीसुद्धा प्रत्येक रंगाचा शिळाछापाचा दगड निराळा लागे. दुसरे असे की, फिल्मला काळे आणि कोरे एवढेच कळते. करडे कळत नाही. रंग उतरेल किंवा उतरणार नाही. 'थोडासा उतरेल' ही अवस्था तेथे नाही.

या कसोटीवर चित्रातील रंग मोजू. हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबूस, लाल, निळा आणि काळा असे सात झाले. साखरगाठींचा पांढरा आठवा. मोराच्या मानेवरील छटा आणि आकाश यांची मोजणीच होत नाही, कारण तेथे एका रंगातून दुसरा रंग सीमारेषेवाचून उगवतो.

असे आकाश छापताच येत नाही काय, असे आपण विचाराल. ठिपक्यांनी येते. वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली पाहिले तर लहानमोठे ठिपके दिसतात. डोळा त्यांना छटा समजतो. परंतु कागद गुळगुळीत असतो. आपली पिशवी मांजरपाटाची आहे. अशा कापडासाठी इंचाला 110 ते 120 धाग्यांची जाळी वापरतात आणि नीट उभा राहणारा ठिपका काढावयाचा तर त्याला जाळीचे चार-पाच धागे तरी मिळावे लागतात. म्हणजे इंचाला पंचवीस-तीस ओळींपेक्षा अधिक बारीक ठिपके नकोत. मिलिमीटरला सुमारे एक ठिपका झाला. त्यातही फिकट भागातील ठिपके कापडाच्या विणीत हरवतात आणि गडद भागातील एकमेकांत मिसळतात. मधल्या भागात जाळीची वीण व ठिपक्यांची रांग यांचा मेळ न बसून लाटांसारखी नक्षी उमटते. कलावंताने काढलेली संध्याकाळ पिशवीवर गोवराच्या पुरळासारखी दिसेल. म्हणून आकाश गाळावे, अशी आमची पहिली शिफारस आहे.

उरलेले आठ रंग ठेवण्यास हरकत काय, याचे उत्तर अंकगणितात आहे. समजा कारागीर हातचा कसबी आहे आणि एका रंगाच्या शंभर छापांपैकी अठ्ठ्याण्णव निर्दोष उतरतात. दोन रंग असतील तर तीनशे पिशव्यांतील सुमारे बारा बाद होतील. सहा रंग असतील तर सुमारे चौतीस. आठ रंगांत हा आकडा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पिशवी शेवटच्या रंगाला बाद झाली, तर आधीच्या सर्व रंगांचे श्रम तिच्याबरोबर जातात.

ती बाद का होते, हेही पाहावे. कापड कागदासारखे स्थिर नसते. पाते ओढताना ते किंचित सरकते, रंगाच्या ओलाव्याने आकसते. हातछपाईत दुसरा रंग पहिल्यापासून मिलिमीटरभर इकडेतिकडे जाणे स्वाभाविक आहे. गडूच्या तांबूस रंगाला काळी रेघ तंतोतंत चिकटून हवी असेल, तर एका बाजूला कापडाची पांढरी फट दिसेल आणि दुसऱ्या बाजूला रेघ रंगावर चढेल. म्हणून पारख करताना आम्ही दोन रंग जेथे भेटतात त्या जागा पेन्सिलीने गोल करतो. या चित्रात असे एकतीस गोल झाले. उपाय दोनच: रंग एकमेकांपासून दोन मिलिमीटर दूर ठेवावेत, नाहीतर गडद रंग फिकट रंगावर मिलिमीटरभर चढवावा आणि फिकट आधी छापावा.

समितीतील एका भगिनींनी सुचविले की, त्यापेक्षा वारली चित्र घ्यावे; त्यात रंग एकच असतो. सूचना मार्मिक आहे. मात्र वारलीचा तो एक रंग पांढरा, आणि तो गेरूच्या भिंतीवर असतो. गडद कापडावर पांढरा रंग एका हातात झाकत नाही. खालचा रंग वर डोकावतो. मग तोच पांढरा सुकवून पुन्हा छापावा लागतो, म्हणजे एका रंगाची मजुरी दोन रंगांची होते. उलट मांजरपाटावर गेरू छापून आकृत्या कोऱ्या सोडाव्यात, तर हातभर भरीव रंग सारखा बसत नाही, कापड ताठ होते आणि बारीक पाय रंगाच्या पसरण्याने बुजून जातात. रंगांची संख्या कमी असणे आणि छपाई सोपी असणे या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात.

आता अक्षरांकडे वळतो. आमच्या मते या चित्राची सर्वांत मोठी अडचण हीच आहे, कारण मोर पुसट झाला तर मोर पुसट दिसेल, पण अक्षर बुजले तर शब्द बदलेल. ओला रंग विणीत सर्व बाजूंनी थोडा पसरतो. रेघ जाड होते आणि पोकळी लहान होते. आपल्या लिपीत पोकळीतील एका तिरक्या रेघेवर अर्थ अवलंबून आहे: ती असली तर ष, नसली तर प, असली तर ब, नसली तर व. 'महाराष्ट्र' या शब्दातील 'ष्ट्र' हे जोडाक्षर तर तीन व्यंजनांची गर्दी आहे. सध्याच्या चित्रात ही ओळ पाच मिलिमीटर उंचीची आहे. ती छापली की 'ष्ट्र'च्या जागी एक डाग राहील. अनुस्वाराचा टिंब आणि 'सुवर्ण'मधला रफार यांचीही तीच गत.

आपल्या घरांतील नातवंडे शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात. मराठी छापील शब्द त्यांच्या दृष्टीस फारसा पडत नाही. सुपेल्याच्या बाजारात आजीच्या हातातील पिशवीवर जो शब्द ती वाचतील, तो निदान शुद्ध असावा. म्हणून ठळक अक्षर, उंची किमान पंधरा मिलिमीटर, कोणतीही रेघ वा फट एक मिलिमीटरहून बारीक नको. दुसरी ओळ गाळावी. शिवाय चित्राची फाइल छपाईवाल्याकडे देताना अक्षरांचे आकृतीत रूपांतर करून द्यावे. नाहीतर त्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते आणि जोडाक्षरे सुटी होतात.

मग राहते काय? आम्ही दोन रंग सुचवितो: झेंडूचा नारिंगी आणि गडद कुंकवाचा. तिसरा रंग कापड स्वतः देते आणि त्याची मजुरी पडत नाही. साखरगाठी कोऱ्या कापडाच्याच राहतील. भोवती वस्त्राचा गडद रंग असला की त्या पांढऱ्या भासतील. कडुलिंबाचा हिरवा जाईल, पण दातेरी कडेवरून आपले लोक तो पाला गडद रंगातही ओळखतील. पिवळ्याऐवजी नारिंगी अशासाठी की, मांजरपाटाच्या मळकट पिवळसर अंगावर हळदीचा रंग फिका पडतो. मोर मात्र सोडावा लागेल. त्याची सारी शोभा छटांत आहे.

नारिंगी चौकटीत दोनच आकार राहतील. डावीकडे गुढीवरची झेंडूची माळ आणि उजवीकडे भट्टीतून वाहणारे लोखंड. गाव सोडताना बरोबर आणलेले आणि येथे येऊन मिळविलेले, दोन्ही एकाच रंगात, पात्याच्या एकाच ओढीत छापले जाईल. आठ रंगांच्या चित्रात हे नाते दिसत नव्हते.

निर्णय घेण्यापूर्वी समितीने एक करावे. प्रत्येक रंगाचे चित्र निव्वळ काळ्या शाईत, खऱ्या मापात, वेगवेगळ्या कागदावर काढून घ्यावे. ते शिवणीपासून आणि बंदांपासून तीन सेंटिमीटर आत राहते आहे ना, हे पिशवीवर ठेवून पाहावे. मग तीन मीटरवरून ते एखाद्या नातवंडाकडून वाचवून घ्यावे. त्याला 'महाराष्ट्र' वाचता आले, तर चौकटी बनविण्यास हरकत नाही. आले नाही, तर चित्र परत करावे, मग ते कितीही सुंदर असो.