नऊ जणींचं म्हणणं, एक पान

आज मी आमच्या ग्रामसंघातली एक गोष्ट सांगणार आहे. मी तिथं सचिव आहे. आमच्या संघात बारा गट आहेत आणि सगळ्यांचं दप्तर लिहायला एक लिपिकाताई मानधनावर आहेत.

दरवर्षी त्यांना पुढं ठेवायचं की नाही हे आम्ही मासिक बैठकीत ठरवायचो. अध्यक्षा विचारायच्या, “काय गं, लिपिकाताईंचं काम कसं आहे?” त्या समोरच बसलेल्या. सगळ्या म्हणायच्या, “चांगलं आहे.” संपलं. यंदा मात्र त्या आजारी म्हणून आल्या नव्हत्या, तर एकीनं म्हटलं, “दप्तर कधी वेळेवर नसतं.” दुसरी म्हणाली, “बोलायला फार कडक.” तिसरी म्हणाली, “काढून टाका, दुसरी बघू.” अर्ध्या तासात एका बाईचं काम जायची वेळ आली. समोर असली की चांगली आणि पाठ फिरली की वाईट, यातलं खरं काय धरायचं? मग आम्ही ठरवलं, महिनाभर थांबायचं आणि जिचा जिचा त्यांच्या कामाशी संबंध येतो तिला नीट विचारायचं.

नऊ जणी निवडल्या. पाच गटांच्या पाच जणी, त्यातल्या दोन लांबच्या वस्तीवरच्या. संघाच्या कोषाध्यक्षा, दोन सीआरपी ताई आणि बँक सखी. फक्त तक्रार करणाऱ्या घेतल्या नाहीत, फक्त त्यांच्या मैत्रिणीही घेतल्या नाहीत. लिपिकाताईंना हे आधीच सांगितलं आणि त्यांनाही तेच प्रश्न दिले. दुसऱ्या काय म्हणतात ते कळायच्या आधी त्यांनी स्वतःचं लिहून द्यायचं.

प्रश्न तीनच होते. गेल्या वर्षात त्यांच्यामुळं तुमचं काम कधी सोपं झालं? कधी अडलं? पुढच्या सहा महिन्यांत त्यांनी काय वेगळं करावं? मार्क द्यायला सांगितलं नाही, कारण एकीचे दहातले सात म्हणजे दुसरीचे चार असतात. “चांगली” किंवा “कडक” असं कुणी म्हटलं, की आम्ही विचारायचो, “कधी? काय झालं होतं?”

विचारायला मी आणि अध्यक्षा गेलो नाही. आमच्यापुढं कोण मोकळं बोलणार? शेजारच्या गावच्या ग्रामसंघातल्या एक ताई आल्या. लिपिकाताईंच्या भावकीतल्या नाहीत, आमच्या हाताखालच्याही नाहीत. एकेकीला एकटं गाठून बोलल्या. जिला लिहिता येत नाही तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

नाव सांगणार नाही असा शब्द दिला होता. पण बायांनो, हा शब्द पाळणं अवघड असतं. पाच गटांतल्या बायकांचं म्हणणं एकत्र करता येतं. बँक सखी मात्र एकच. “बँकेत कागद अपुरे आणतात” असं लिहिलं, की कोण बोललं ते लगेच कळतं. म्हणून तिला आधीच विचारलं, “हे तुझ्या नावानं चालेल का, की सोडून देऊ?” ती म्हणाली, “चालेल, मी त्यांना तोंडावरच सांगितलंय.”

आता आलेल्या गोष्टींचं करायचं काय? एक प्रसंग, एक चिठ्ठी. अशा सत्तावीस चिठ्ठ्या झाल्या. सतरंजीवर पसरल्या आणि सारख्या विषयांचे ढीग केले.

सगळ्यात मोठा ढीग होता “दप्तर वेळेवर नाही” याचा. सात चिठ्ठ्या. आम्हाला वाटलं, तक्रार खरीच. मग प्रत्येक चिठ्ठीवरचा महिना बघितला. चार चिठ्ठ्या एकाच महिन्याच्या निघाल्या. त्या महिन्यात आम्हीच ऑडिटसाठी सगळी दप्तरं तालुक्याला पाठवली होती. दप्तर जवळच नाही, तर लिहिणार कशात? ती चूक आमची होती, कारण गटांना आम्ही कळवलं नव्हतं. उरल्या तीन. त्या वेगवेगळ्या महिन्यांच्या, पण तिन्ही वस्तीवरच्या दोन गटांच्या. तिथल्या बैठका रात्री आठला होतात आणि लिपिकाताई पोचत नाहीत. त्यांनी स्वतः लिहून दिलं होतं त्यातही हेच होतं: “वस्तीवर रात्री जायला सोबत नाही.” म्हणजे सात जणींची तक्रार म्हणून दिसलेली गोष्ट खरी दोन गटांपुरती होती, आणि तिला उपायही होता.

दुसरा ढीग “कडक बोलतात” याचा. चार चिठ्ठ्या. दोघींना प्रसंग विचारला तर म्हणाल्या, “तसं ऐकलंय.” ऐकीव गोष्ट बाजूला ठेवली, नाहीतर एकीचंच म्हणणं तीनदा मोजलं जातं. तिसरी म्हणाली, “पावतीशिवाय हप्ता लिहून घेतला नाही, परत पाठवलं.” हा दोष नाही, तेच त्यांचं काम आहे. ती चिठ्ठी आम्ही चांगल्या ढिगात टाकली. चौथी मात्र खरी होती. एका बाईचा हप्ता थकलेला, तो त्यांनी दुकानापुढं चार माणसांत मोठ्यानं सांगितला. एकीचाच अनुभव, पण अब्रूचा. अशी गोष्ट एकटी म्हणून सोडायची नाही. त्या बाईला विचारूनच ती पानावर घेतली. नको म्हणाली असती, तर प्रसंग न सांगता नुसता नियम लिहिला असता.

एका चिठ्ठीत “पैशाचाही घोळ असेल” असं होतं. हे मात्र मतानं ठरवायचं नसतं. कोषाध्यक्षांनी तीन महिन्यांच्या पावत्या, रोकड वही आणि बँकेचं पासबुक ताडून बघितलं. सगळं जुळलं. ती चिठ्ठी काढून टाकली. जुळलं नसतं, तर तो विषय वेगळा आणि चौकशीही वेगळी.

चांगल्या चिठ्ठ्याही तशाच तपासल्या. “स्वभाव छान” याचा काही उपयोग नाही. “बँकेनं आमच्या गटाचा हप्ता दोनदा कापला होता, ते लिपिकाताईंनी पासबुकावरून पकडलं आणि पैसे परत आणले,” हे उपयोगाचं.

शेवटी एकच पान झालं. काय चालू ठेवावं: पावतीशिवाय नोंद नाही, आणि पासबुक दर महिन्याला ताडणं. काय बदलावं: थकबाकीचं बोलणं बैठकीबाहेर करायचं नाही, आणि कर्जाचे कागद बँकेत नेण्याआधी यादीशी जुळवायचे. संघानं काय करावं: वस्तीवरच्या दोन बैठका दुपारी घ्याव्यात, आणि दप्तर बाहेर गेलं की गटांना कळवावं. हा तिसरा भाग नसता, तर आमचीही चूक त्यांच्याच नावावर गेली असती.

ते पान आधी लिपिकाताईंना एकटं बसवून वाचून दाखवलं. दुकानापुढच्या प्रसंगाला त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मी वसुलीच्या घाईत बोलले. चुकलंच.” कागदांबद्दल म्हणाल्या, “यादी मला कुणी दिलीच नाही.” त्यांचं हे उत्तरही त्याच पानावर लिहिलं आणि मगच बैठकीत ठेवलं. बँक सखीनं दुसऱ्याच दिवशी यादी आणून दिली.

त्या कामावर राहिल्या. सहा महिन्यांनी तेच पान पुन्हा काढायचं आणि त्यावरच्या गोष्टी झाल्या की नाही एवढंच बघायचं, असं ठरलंय. संघाच्या दोन गोष्टीसुद्धा.

तुमच्या संघात लिपिका असेल, गटाच्या दुकानावर कुणी मुलगी असेल, तिला ठेवायचं की काढायचं असा विषय निघाला, तर त्याच बैठकीत हात वर करू नका. “कधी? काय झालं होतं?” एवढं आधी विचारा.