ट्यूबच्या खोक्यावर तारीख लिहा

(तालुक्यातील बचत गटांच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मी डॉक्टर नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली काही वर्षं वस्त्यांमध्ये काम करते आहे. त्यामुळे आज मी औषध सांगायला उभी नाही. तुमच्या-माझ्या घरात फडताळावर पडलेल्या एका लहानशा ट्यूबबद्दल बोलायचं आहे. तोंड आलं की आपण दुकानातून जेल आणतो, ती ट्यूब. तिच्याशेजारी कधी कधी गुळण्या करायच्या औषधाची बाटली असते. या दोन्ही वस्तू काय करतात आणि काय करत नाहीत, एवढंच आज बघू.

आमच्या गटातल्या एका मावशींची हकिगत आधी सांगते. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, नाव सांगत नाही. वय सेहेचाळीस, भाजीची पाटी घेऊन बसतात. डाव्या बाजूला, खालची हिरडी आणि गाल यांच्या खाचेत त्यांना एक चट्टा झाला. बारा-तेरा वर्षांच्या असल्यापासून त्या मशेरी लावतात आणि बोटावरची मशेरी त्याच खाचेत बसते. चट्टा दुखत नव्हता, फक्त तिखट लागलं की झोंबायचा. दुकानदार म्हणाला, "उष्णता आहे मावशी," आणि ट्यूब दिली. लावली की बरं वाटायचं. संपली की दुसरी आणायच्या.

आमच्याकडे आल्या तेव्हा मी विचारलं, "कधीपासून आहे?" म्हणाल्या, "झाले असतील आठ-पंधरा दिवस." मग मी वेगळं विचारलं, "गणपतीत होता का?" होता. "नागपंचमीला?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "अगं बाई, दिंडं खाताना झोंबलं होतं की!" आणि आम्ही बोलत होतो ती दिवाळी तोंडावर आलेली. म्हणजे जवळजवळ तीन महिने. घरी जाऊन पाहिलं तर रिकाम्या ट्यूबा चार निघाल्या.

तीन महिने मावशींना फसवलं कोणी? ट्यूबनं नाही. ट्यूबनं तिचं काम चोख केलं. तिचं काम काय, ते आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ट्यूबच्या खोक्यावरची बारीक अक्षरं कधी नातीकडून वाचून घ्या. बहुतेक जेलमध्ये कोलिन सॅलिसिलेट असतं. ते ॲस्पिरिनच्या नात्यातलं आहे, दुखणं आणि सूज कमी करतं. बऱ्याच जेलमध्ये लिग्नोकेनही असतं. दात काढताना डॉक्टर ज्या औषधाने हिरडी बधिर करतात, तेच. आणि थोडं जंतुनाशक असतं. म्हणजे जेल वेदना झाकतं. त्यामुळे चार घास खाता येतात, झोप लागते, आणि ही काही लहान गोष्ट नाही. पण व्रण कशाने झाला, याला ते हात लावत नाही. आपलं साधं तोंड येणं जेलने बरं होत नाही, ते आपलं आपणच बरं होतं. आपण मात्र यश ट्यूबला देतो.

लावायची रीतही नीट ठेवा. आधी चूळ भरा, स्वच्छ कापसाने जागा हलकेच टिपा, मग हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा कमी जेल बोटाने नुसतं टेकवा, चोळू नका. त्यानंतर अर्धा तास खाऊपिऊ नका. जेल धुऊन जातं ते आहेच, पण बधिर तोंडात गाल चावला जातो आणि चहाचा चटकाही कळत नाही. तान्ह्या बाळाला दात येताना हिरडीला हे जेल कधीही लावू नका. लिग्नोकेन बाळाच्या पोटात जाऊन जिवावर बेतू शकतं. कोलिन सॅलिसिलेटही सोळा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

आता गुळण्यांची बाटली. दंतवैद्य साधारणपणे क्लोरहेक्सिडिनची देतात, ०.२ टक्क्यांची. दहा मिलिलिटर तोंडात घेऊन एक मिनिट खळखळवायचं आणि थुंकून टाकायचं, दिवसातून दोनदा. गिळायचं नाही. पेस्टने दात घासल्यावर लगेच घेऊ नका, पेस्टमुळे त्याचा जोर कमी होतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. व्रणावर जंतूंचा दुसरा थर बसू नये, यासाठी त्याचा उपयोग. दुखल्यामुळे ब्रश फिरवता येत नाही तेव्हा तर खरंच उपयोग होतो. पण महिनोन्महिने घेतलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव बदलते. पोव्हिडोन आयोडिनच्या गुळण्या गरोदर बाईने किंवा थायरॉइडचा आजार असलेल्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. आणि दोन्हीसाठी पैसे नसतील तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला, त्याच्या गुळण्या करा. साध्या तोंड येण्याला तेवढ्यानेही आराम पडतो.

मग साधं कुठलं आणि दाखवायचं कुठलं, हे कसं ओळखायचं? आपण दुखण्यावरून ठरवतो. फार दुखलं तर मोठं, दुखलं नाही तर किरकोळ. तोंडाच्या बाबतीत हा हिशेब पुष्कळदा उलटा पडतो. साधा फोड ओठाच्या किंवा गालाच्या आत, जिभेखाली येतो. लहान, गोल, मध्ये पिवळट पांढरा, कडेला लाल. पहिले तीन-चार दिवस जीव नकोसा करतो आणि सात ते चौदा दिवसांत मागमूस न ठेवता जातो. कर्करोगाचा व्रण मात्र सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही. तो एका जागी ठाण मांडून बसतो. म्हणून दुखण्यावर नाही, दिवसांवर लक्ष ठेवायचं. चौदा दिवसांत भरून आला नाही, तर दंतवैद्याला दाखवायचा. ट्यूब लावल्यावर बरं वाटतंय, हे कारण चालणार नाही.

दिवस मोजल्याने काय होतं, त्याची दुसरी गोष्ट ऐका. याच गटातल्या एका ताईंच्या जिभेच्या कडेला व्रण झाला. त्या सोळाव्या दिवशी दंतवैद्याकडे गेल्या. त्यांनी आरसा धरून दाखवलं, दाढेचा एक तुकडा तुटून धारदार झाला होता आणि प्रत्येक घासाला जीभ त्यावर घासत होती. त्यांनी दाढेची धार घासून काढली, क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दिल्या आणि बजावलं, "बरं झालं तरी चौदा दिवसांनी दाखवायला या." चौदाव्या दिवशी जीभ साफ होती. त्या डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं, हे महत्त्वाचं. कारण काढून टाकल्यावरही व्रण भरला नसता, तर त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला असता. टोचणारी कवळी असेल तरी हाच नियम.

काही खुणा दिसल्या तर चौदा दिवसही थांबू नका. व्रणाचा काठ बोटाला टणक लागतो, त्यातून रक्त येतं. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो. दात कारण नसताना हलू लागतो, ओठ बधिर होतो, मानेत गाठ लागते. आणि तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. सुपारी किंवा मावा खाणाऱ्या बाईचं तोंड हळूहळू आखडत जातं आणि तिखट सोसवत नाही. "आमच्यात तंबाखू नाही, नुसती सुपारी" असं म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्या, सुपारी स्वतःच कर्करोग करणारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ते जाहीर केलं आहे.

आणखी एक. फोड बरे होतात, पण दर महिन्याला परत येतात, असं असेल तर ट्यूब बदलत बसू नका, रक्त तपासून घ्या. लोह, फोलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी असलं तरी असं होतं. सगळ्यांना वाढून उरलेलं खाणारी बाई कोण, ते मी इथे सांगायला नको. फोडांबरोबर ताप असेल, पाणीही गिळवत नसेल, किंवा अंगावरही फोड उठले असतील, तर त्याच दिवशी दवाखाना. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या बाईचं तोंड आलं, तरीही त्याच दिवशी.

मशेरीबद्दल बोललं की बाया मान खाली घालतात. मला लाज द्यायची नाही. पहाटे उठून पोटात काही नसताना कामाला लागायचं, तेव्हा मशेरीने भूक मारली, हे मला मावशींनीच सांगितलं. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, भाजली म्हणून ती निर्धोक होत नाही. ज्या जागी ती बसते, ती जागा आठवड्यातून एकदा आरशात उजेडाला बघा. गाल बोटाने बाजूला ओढा, जीभ उचला, दोन्ही कडा बघा. दोन मिनिटं लागतात.

मावशींचं पुढे काय झालं? दंतवैद्याने बघताक्षणी मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे तुकडा काढायचा म्हटल्यावर घरचे अडले, "लोखंड लागलं की पसरतं" म्हणून. असं होत नाही. जागा बधिर करून एवढासा तुकडा काढतात, आणि तो तपासल्याशिवाय कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. तुकड्यात कर्करोग निघाला. खालच्या जबड्याचा भाग आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागल्या. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना होती. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटलो म्हणून ते निभावलं. मावशी आज आहेत, भाजी विकतात, भाकरी मात्र दुधात कुस्करून खातात. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "नागपंचमीनंतर पंधरा दिवसांत आल्या असत्या, तर बहुधा जबडा वाचला असता." त्या वाक्यावर मावशी काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, "सुनेच्या पोराला शिंक आली तर मी दवाखान्यात पळते. माझ्या तोंडात बघायला मला सवड नव्हती."

म्हणून एवढंच करा. पुढच्या वेळी ट्यूब आणलीत की तिच्या खोक्यावर पेनाने तारीख घाला. लिहिता येत नसेल तर मुलीकडून घालून घ्या, नाहीतर कॅलेंडरवर खूण करा. तिथून चौदा घरं मोजा. पंधराव्या दिवशी व्रण तिथेच असेल तर ट्यूब फडताळात ठेवा आणि एकीला बरोबर घेऊन दंतवैद्याकडे जा. गावात दंतवैद्य नसेल तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिशीनंतर तोंडाची तपासणी करणं हे त्यांच्या कामात आहे, उपकार नाहीत. आणि दुसरी ट्यूब मागायला कुणी शेजारीण आली, तर ट्यूब देण्याआधी तिला विचारा, "पहिली कुठल्या सणाला आणली होतीस?"