पत्रातला 'परंतु'

शाळेनं पालकांना मोबाईलबंदीचं पत्र लिहायचं, तर पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : 'विद्यार्थ्यांनी शाळेत मोबाईल आणू नये.' हे पत्र इथेच फसतं. पोहेगाव किंवा चासनळीहून एस.टी.नं कोपरगावला येणाऱ्या नववीतल्या मुलीची संध्याकाळची बस चुकली, तर तिनं घरी कळवायचं कसं? आई तिच्या दप्तरात मोबाईल घालणारच. म्हणजे नियम पहिल्याच दिवशी मोडला, आणि तोही आईच्या हातून!

केंद्रीय विद्यालयातल्या एका विद्यार्थ्याच्या निमित्तानं हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयासमोर गेला. फेब्रुवारी २०२५मध्ये न्यायालयानं सरसकट बंदी नाकारली. मोबाईल आणू द्या, सोय असेल तर जमा करून घ्या, वर्गात वापरू देऊ नका, असा त्या निकालाचा सूर. मग आपलं वाक्य असं होतं : 'मोबाईल आणल्यास पहिल्या तासाआधी बंद करून कार्यालयात जमा करावा, शाळा सुटताना सही करून परत न्यावा.' त्यासाठी नंबर घातलेल्या कापडी पिशव्या आणि एक वही लागते. पिशवीतला मोबाईल हरवला तर जबाबदारी कोणाची, हेही पत्रातच लिहायला हवं. तिथे मौन पाळलं की मुलं घरातला जुना, बंद पडलेला मोबाईल जमा करतात आणि चालू असलेला खिशात ठेवतात.

कारण एकच द्या. 'मोबाईलनं मुलं बिघडतात' असं लिहू नका, वाचणाऱ्या बापाच्या हातातही मोबाईलच असतो. युनेस्कोच्या २०२३च्या अहवालात म्हटलंय, की एकदा विचलित झालेलं लक्ष पुन्हा अभ्यासावर यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आपला तास ३५-४० मिनिटांचा. हा हिशेब पालकांना लगेच कळतो.

आता अपवाद. टाइप वन मधुमेह असलेल्या काही मुलांच्या दंडावर सेन्सर असतो आणि साखरेचा आकडा मोबाईलवर येतो. साखर घसरली की तोच वाजतो. तो पिशवीत बंद करून ठेवणं धोक्याचं. अशा मुलासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला कल्पना द्या, पण प्रार्थनेच्या वेळी जाहीर करू नका. नाहीतर मूल मोबाईल दाखवायलाच लाजेल आणि अपवाद कागदावर राहील.

राहिली जप्ती. 'आठ दिवस परत मिळणार नाही' हे वाक्य लिहिणाऱ्यानं एवढंच आठवावं, की पुष्कळ घरांत तो एकच मोबाईल असतो. बँकेचा ओटीपी त्यावर, ऊसतोडीचा निरोपही त्यावर. पहिल्या वेळी पालकांना फोन करून संध्याकाळी मुलाच्याच हाती द्यावा. दुसऱ्या वेळी पालकांना बोलवावं, पण मजुरी बुडणार नाही अशी वेळ त्यांनाच विचारून.

आणि पत्राच्या अगदी वर, ठळक अक्षरात, शाळेच्या कार्यालयाचा नंबर हवा. तो उचलायला शाळा सुटल्यावर शेवटची एस.टी. जाईपर्यंत कोणीतरी बसलेलं असलं पाहिजे.