आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नव्हे
(दीपनगर येथे छात्राध्यापकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या प्रयोगशाळेत विरल सल्फ्युरिक आम्ल वारंवार लागते. ते तयार करण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवू नये. वर्ग भरण्यापूर्वी शिक्षकाने ते स्वतः करावे.

संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या सुमारे १.८४ पट जड असते आणि पाण्यात मिसळताना पुष्कळ उष्णता देते. आम्लावर पाणी ओतल्यास हलके पाणी वरच राहते, जागच्या जागी उकळते आणि आम्लाचे थेंब तोंडावर उडवते. याउलट आम्ल पाण्यात सोडल्यास ते खाली जाते व उष्णता सर्व पाण्यात विभागली जाते. म्हणून नेहमी आम्लच पाण्यात घालावे.

समजा, अर्धा लिटर विरल आम्ल करावयाचे आहे. एक लिटरच्या उष्णतारोधक काचेच्या चंचुपात्रात ४५० मिलिलिटर थंड पाणी घ्यावे. चष्मा, हातमोजे व सुती अंगरखा घालून २८ मिलिलिटर संहत आम्ल मोजावे. काचकांडीने ढवळत ते थोडे थोडे सोडावे. पाण्याचे तापमान सुमारे २० अंशांनी वाढते; खानदेशातील उन्हाळ्यात पाणी मुळातच कोमट असल्याने ही वाढ अधिक जाणवते. वाफ दिसू लागली किंवा पात्राला हात लावणे अशक्य झाले, तर आम्ल सोडण्याची घाई झाली असे समजून थांबावे. मिश्रण निवल्यावर पाणी घालून ५०० मिलिलिटर करावे, मगच बाटलीत भरून नाव व तारीख लिहावी. जाड काचेच्या मोजपात्रात मिश्रण करू नये. उष्णतेने ते तडकते.

काम सुरू करण्यापूर्वी नळ सोडून पाहावा. नळाला पाणी नसेल व भरलेले पिंपही नसेल, तर त्या दिवशी आम्लाला हात लावू नये. अंगावर आम्ल पडल्यास भिजलेले कपडे काढून तो भाग किमान २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा. त्वचेवर सोडा चोळू नये. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ धुवावे व लगेच दवाखान्यात न्यावे. फरशीवर सांडलेल्या आम्लावर वाळू टाकून मग धुण्याचा सोडा हळूहळू पसरावा. फेस येणे थांबले की ती जागा पुसावी.

साठ्याचाही नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २०१३ च्या आदेशानुसार शिक्षणसंस्थांनी आम्लाच्या वापराची नोंदवही ठेवून ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करावयाची असते. आम्लाच्या सुरक्षिततेसाठी एक व्यक्ती जबाबदार नेमावयाची असते, तसेच प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी सक्तीची आहे. नव्या शिक्षकाने रुजू होताच बाटलीतील शिल्लक मोजून ती नोंदवहीशी ताडून पाहावी. फरक आढळल्यास मुख्याध्यापकांना त्याच दिवशी लेखी कळवावे.